अठ्ठेचाळीस किलोचा हट्ट

या सदरात आम्ही बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या साखरेबद्दल आणि रक्तदाबाबद्दल लिहितो. या वेळी पंधरा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहायचे आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे वालिद त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन आले. मुलगा कुस्ती खेळतो, पहाटे तालमीत जातो. त्या दिवशी सरावात त्याला चक्कर आली होती आणि पोटऱ्यांत गोळे येत होते. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. हातात एक रुमाल होता आणि बोलता बोलता तो त्यात थुंकत होता. आम्हाला वाटले मळमळ असेल. विचारले, तर तो म्हणाला, "नाही डॉक्टर, थुंकी गिळायची नाही. तेवढंच वजन कमी होतं."

पाच दिवसांनी तालुक्याची शालेय स्पर्धा होती. सतरा वर्षांखालील मुलांच्या गटात ४५, ४८, ५१, ५५, ६० असे वजनगट असतात. मुलाचे वजन बारा दिवसांपूर्वी तालमीतल्या काट्यावर ५४.२ किलो भरले होते. आमच्या काट्यावर ते ५०.६ भरले. त्याला उतरायचे होते ४८ किलोच्या गटात. कारण काय, तर ५५ च्या गटात शेजारच्या गावचा एक दांडगा मुलगा होता, ५१ मध्ये त्याच्याच तालमीतला मित्र होता आणि ४८ मध्ये "कोणीच नाही" असे वस्तादांनी म्हटले होते.

हा सगळा हिशेब घरात कोणाला चुकीचा वाटला नव्हता. उलट वालिदांना अभिमान होता. "साहेब, पोरगं दोन दिवस पाण्यावर राहतं, पण तक्रार करत नाही," असे ते म्हणाले. अम्मी मागे बाकावर बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांनीच सांगितले, की बारा दिवस घरात मुलाच्या ताटावरून रोज भांडण होत होते.

बारा दिवसांत साडेतीन किलो गेले. ते गेले कुठे, हे आधी पाहू. वजन उतरले म्हणजे चरबी गेली, असेच घरात धरून चालतात.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात पिठाळ पदार्थांची साखर साठवलेली असते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. जोर, बैठका, पकड, डाव, सगळे याच साठ्यावर चालते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी स्नायूंत धरलेले असते. मुलाने भाकरी आणि भात बंद केले, की चार दिवसांत हा साठा रिता होतो, त्याच्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि काटा किलो-दीड किलो खाली येतो. मुलगा खूश होतो, वस्ताद खूश होतात. खरे तर त्याने लढण्यासाठी साठवलेला दाणागोटाच विकून टाकलेला असतो. त्यानंतर येतो घाम. हा मुलगा दोन दिवसांपासून रेनकोट घालून, वर स्वेटर चढवून धावत होता आणि दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी पीत होता. लघवीचा रंग विचारला, तेव्हा म्हणाला, "मोहरीच्या तेलासारखा." राहिलेला भाग चरबीचा आणि थोडा स्नायूंचा.

आमचा हा अंदाज खरा ठरला. त्या संध्याकाळी आम्ही त्याला दवाखान्यातच बसवून क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट पाजले. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी परत द्यावे लागते. तेही एकदम नाही, काही तासांत पसरून. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडांवर ताण आलेला दिसला. दोन दिवसांनी परत तपासले तेव्हा तो निवळला होता. त्या दोन दिवसांत पाणी आणि भाकरी-भात सुरू होताच वजन ५०.६ वरून ५२.७ वर आले. म्हणजे उतरलेल्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग निव्वळ पाणी आणि साठवलेली साखर होती. उरलेला दीड किलो मात्र अंगाचा होता आणि वाढत्या वयातल्या मुलाला तोच सर्वांत महाग पडतो.

ती स्पर्धा तो खेळला नाही. आम्ही तसे स्पष्ट लिहून दिले. मुलगा रडला आणि त्याचे वालिद आमच्याशी बरेच दिवस नीट बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी वजन ५४ वर स्थिर झाल्यावर आम्ही त्याला परत बोलावले आणि दंड, पाठ, पोट या ठिकाणी कातडीची घडी चिमट्याने मोजली. या मापाने अंगातल्या चरबीचा अंदाज येतो. तो दोन-तीन टक्क्यांनी चुकू शकतो, पण हिशेबाला पुरतो. त्याची चरबी सुमारे १२ टक्के निघाली. म्हणजे ५४ पैकी साडेसहा किलो चरबी आणि साडेसत्तेचाळीस किलो बाकी सगळे, म्हणजे हाडे, स्नायू, रक्त, काळीज, मेंदू. कागदावर हे लिहून आम्ही वालिदांपुढे ठेवले आणि विचारले, "याला ४८ वर आणायचा तर चरबी किती उरेल?" त्यांनी स्वतः वजाबाकी केली. अर्धा किलो. अंगात एवढ्या कमी चरबीवर कोणी जगत नाही. काही चरबी अवयवांभोवती, नसांभोवती आणि हाडांच्या पोकळीत असावीच लागते. म्हणजे ४८ वर यायचे तर स्नायू तोडावे लागणार किंवा पाणी काढावे लागणार. तिसरा मार्ग नाही.

हा हिशेब आमच्या डोक्यातून निघालेला नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयांचे तीन तरुण पैलवान महिनाभराच्या अंतरात मरण पावले. तिघेही वजन उतरवत होते. पाणी जवळजवळ बंद करून, घाम बाहेर न सोडणारा रबरी पोशाख अंगावर चढवून, तापवलेल्या जागेत व्यायाम करत होते. अंगाचा घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. रक्तातले पाणी आटलेले असले तर घामही पुरेसा येत नाही. आतले तापमान चढत जाते, क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडते. त्यानंतर तिथे नियम बदलले. रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या, वजन कुस्तीच्या अगदी जवळ घेतले जाऊ लागले. पुढे शाळकरी पैलवानांसाठीही नियम आला, की हंगामाच्या आधी प्रत्येकाचे कमीत कमी वजन ठरवायचे. मुलांची चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलींची १२ टक्क्यांच्या खाली जाईल इतके वजन उतरवू द्यायचे नाही. मोजमापाच्या दिवशी लघवी तपासून अंगात पाणी पुरेसे आहे की नाही ते पाहायचे. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट चालणार नाही.

आमच्या मुलाला हा नियम लावला तर ७ टक्क्यांवर त्याचे वजन ५१ किलो येते आणि आठवड्याला उतरवता येण्याजोगे वजन होते सुमारे ८०० ग्रॅम. त्याने बारा दिवसांत साडेतीन किलो उतरवले होते. ५१ चा गट कागदावर बसतो खरा, पण कागदावरच. या वयाचा मुलगा वर्षात पाच-सात सेंटीमीटर वाढतो. वाढत्या हाडामांसाचे वजन आणि उतरवायचे वजन यांची ओढाताण वर्षभर चालते, आणि त्यात हरते ती वाढ. म्हणून आमचा सल्ला असा होता, की ५१ चा विषयही सोडून द्यावा आणि अंगाला जो गट येईल त्या गटात खेळावे.

वजनाचा काटा मोठ्यांनाही कसा खेळवतो, हे २०२४ साली पॅरिसमध्ये सगळ्यांनी पाहिले. विनेश फोगाट ५० किलो गटात होती. पहिल्या दिवशी वजनात बसली, तीन कुस्त्या जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंतिम कुस्तीआधी वजन १०० ग्रॅमने जास्त भरले. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते उतरले नव्हते. तिच्याबरोबर डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, आणि ती प्रौढ, कसलेली खेळाडू होती. आपल्याकडे हेच काम पंधरा वर्षांचे पोर एकट्याने, रेनकोट घालून करते.

"वजन झाल्यावर दाबून खातो ना," असे मुलगा म्हणायचा. हाही एक गैरसमज आहे. आता बहुतेक ठिकाणी वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घेतात आणि पहिली कुस्ती दोन-तीन तासांत लागते. तेवढ्यात थोडे पाणी परत येते, पण स्नायूंतला साखरेचा साठा भरायला सुमारे एक दिवस लागतो. वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दम लवकर लागतो आणि डोके मंद चालते. पैलवानाला तर समोरच्याचा डाव डोळ्याच्या पापणीइतक्या वेळात ओळखायचा असतो.

आता खाण्याच्या हिशेबाकडे येऊ. आम्हाला जास्त काळजी त्याचीच आहे. पाणी दोन दिवसांत परत येते, पण महिनोन्‌महिने कमी खाल्लेले असे भरून येत नाही.

पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २८०० कॅलरी लागतात, असे भारतीय पोषणशास्त्रज्ञांचे माप आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था हे आकडे ठरवते. या मुलाचा दोन वेळचा सराव रोज सुमारे ६०० कॅलरी घेतो. पूर्ण खाल्ले तर उरतात २२००. या उरलेल्या ऊर्जेत हृदय चालायचे, उंची वाढायची, हाडे भरायची, आवाज फुटायचा, मिसरूड फुटायची आणि शाळेचा अभ्यास व्हायचा. क्रीडा-वैद्यकात या उरलेल्या ऊर्जेला चरबी सोडून बाकीच्या वजनाने भागतात. २२०० भागिले साडेसत्तेचाळीस, म्हणजे किलोला ४६. पंचेचाळीसच्या आसपास असेल तर शरीर आपली सगळी कामे नीट करते. तिसाच्या खाली गेले, की शरीर एक एक खाते बंद करत सुटते. हा तिसाचा आकडा मोठ्या माणसांच्या अभ्यासातून आलेला आहे, त्यामुळे वाढत्या मुलाला तो कमीच समजावा.

आम्ही मुलाच्या अम्मींना त्या बारा दिवसांचे ताट आठवून लिहायला सांगितले. सकाळी चार अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी एक भाकरी आणि काकडी, संध्याकाळी एक सफरचंद, रात्री तेलाशिवाय कोंबडीचे चार तुकडे आणि एक भाकरी. फार उदार हाताने धरले तरी १२०० कॅलरी. त्यातून सरावाच्या ६०० वजा केल्या, तर अख्ख्या वाढत्या देहाला उरल्या ६००. किलोला साडेबारा. मुलगा उपाशी आहे असे मात्र कोणाला वाटत नव्हते, कारण ताटात अंडी आणि कोंबडी होती.

शरीर कोणती खाती आधी बंद करते? जी बंद केली तरी आज जीव जात नाही ती. उंचीचा वेग मंदावतो. वयात येण्याची हार्मोन्स कमी होतात. हाडांत चुना भरण्याचे काम थांबते. आपल्या उभ्या आयुष्यातल्या हाडांच्या साठ्यापैकी जवळजवळ चौथा भाग उंची झपाट्याने वाढण्याच्या वेळच्या दोन वर्षांत भरला जातो. मुलांत ही वर्षे साधारण तेरा-चौदाच्या आसपास येतात, मुलींत अकरा-बाराच्या. काहींची उशिरा येतात. त्या दोन वर्षांत उपासमार झाली तर पुढे कितीही दूध पाजले तरी तो हप्ता पूर्ण भरून निघत नाही.

घरात हे ओळखायचे कसे? काट्यापेक्षा भिंतीवर जास्त भरवसा ठेवावा. दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीला टेकवून, चप्पल काढून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची खूण करावी आणि तारीख लिहावी. वाढत्या वयाचा मुलगा सराव करतो आहे आणि सहा महिन्यांत खूण हलली नाही, तर ताट तपासायला हवे. सर्दी-ताप वरचेवर येणे, हातपाय गार राहणे, पूर्वी निघणारे जोर न निघणे, सकाळी उठवत नसणे, विनाकारण चिडचिड, हीही लक्षणे आहेत. नडगीवर बोट दाबले की एकाच जागी दुखते आणि विश्रांती घेऊनही महिनाभर जात नाही, असे असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे तेल चोळत बसू नये.

आमच्या या मुलाची एक धाकटी बहीण शाळेच्या कबड्डी संघात आहे. किशोर गटाच्या कबड्डीतही वजनाची अट असते, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. भाऊ ताट सारतो ते पाहून तीही रात्रीची भाकरी टाळू लागली होती. मुलींच्या बाबतीत शरीर फार स्पष्ट सूचना देते. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर "खेळते म्हणून असेल" असे म्हणून सोडून देऊ नका. लाजून गप्पही राहू नका. ही खाते बंद पडल्याचीच खूण आहे. मुलींना लोहही मुलांपेक्षा जास्त लागते. या वयात दिवसाला ३० मिलिग्रॅम, तर मुलांना २२. मटण आणि कलेजीतले लोह अंगी लागते. डाळ-पालेभाजीतले लागावे म्हणून वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवून धरतो. आपल्याकडे बिर्याणीवर चहा ही रीतच पडली आहे. मुलांपुरती तरी ती तासाभराने पाळावी.

मग खायला काय द्यायचे, हा अम्मींचा प्रश्न होता. त्यांना वाटत होते, की आम्ही महागडी भुकटी लिहून देऊ. तालमीशेजारच्या जिममध्ये त्यांना एका डब्याची किंमत सांगितली होती, तेवढ्यात घरचा आठवड्याचा बाजार झाला असता. आम्ही प्रथिनांचा हिशेब मांडून दाखवला. सराव करणाऱ्या या मुलाला दिवसाला ६५ ते ९५ ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा-पाऊण लिटर दुधात सुमारे वीस ग्रॅम, तीन अंड्यांत अठरा, दिवसभराच्या आठ भाकरी-चपात्यांत वीसच्या पुढे, वाटीभर उसळ आणि वाटीभर डाळीत बारा-चौदा, मूठभर शेंगदाण्यांत सात. इथेच ऐंशी झाले. ज्या दिवशी मटण, कोंबडी किंवा मासे असतील त्या दिवशी आणखी पंधरा-वीस. डब्याची गरज राहिली कुठे? बाजारातल्या भुकट्यांत काय मिसळलेले असते याची खात्री नसते आणि उत्तेजकाच्या चाचणीत पोर सापडले तर जबाबदारी त्याच्याच गळ्यात येते. वजन उतरवायला काही मुले लघवीची गोळी घेतात. तीही बंदी असलेल्या औषधांत मोडते आणि रक्तातले पोटॅशियम उतरवून हृदयाचे ठोके बिघडवते.

कमी पडत होती ती प्रथिने नव्हतीच, भाकरी कमी पडत होती. घरचे ताट आम्ही फारसे बदलले नाही, त्याच्या वेळा बदलल्या. पहाटे तालमीला उपाशीपोटी न जाता दोन केळी किंवा चार-पाच खजूर आणि अर्धा पेला दूध. तालमीतून आल्यावर तासाभराच्या आत दोन आख्खी अंडी, दोन-तीन चपात्या आणि दूध. पिवळा बलक टाकायचा नाही, अंड्याचा चांगला वाटा त्यातच असतो. शाळेच्या डब्यात तीन चपात्या आणि उसळ. चार वाजता संध्याकाळच्या सरावाआधी पोहे किंवा गूळ-चणे. हे चारचे खाणे आपल्या घरांत बहुधा चुकते. मुलगा शाळेतून थेट सरावाला जातो आणि दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत त्याच्या पोटात काही नसते. रात्री तीन भाकरी, भात, डाळ, सालन, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी, कारण नाचणीत चुना भरपूर असतो. झोपताना दूध. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून जेवढे उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी प्यायचे. एरवी लघवीचा रंग लिंबूपाण्यासारखा फिका असला की पुरे.

त्याचे आजोबा एकेकाळी जत्रेच्या मैदानात लढलेले. ते दारात बसून हे सगळे ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वेळी खुराक वाढवायचं भांडण असायचं, कमी करायचं नव्हतं." त्यांचे खरे होते. मातीच्या मैदानात जोड ठरवायचे ते अंगापिंडाकडे पाहून, काट्याकडे पाहून नव्हे. दूध, तूप, मटण, बदामाची थंडाई, हजार बैठका. त्या खुराकात तुपाचा अतिरेक होता आणि तालीम सुटल्यावर तोच खुराक पुढे पोटावर आणि हृदयावर बसला, हेही आम्ही त्यांना सांगितले. पण वाढत्या पोराला उपाशी ठेवून बलवान करता येते, असा समज त्या काळी कोणाचा नव्हता.

एक गोष्ट आपल्या घरांपुरती. वालिदांनी विचारले होते, "रमजानमध्ये आपोआप उतरेल ना थोडं?" रोज्याचा आणि वजनगटाचा संबंध जोडू नये. दिवसभरात जे उतरते ते बहुतेक पाणीच असते आणि ते इफ्तारनंतर परत येते. त्या महिन्यात सराव जड ठेवायचाच असेल तर तो इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी ठेवावा. दुपारच्या उन्हात धावणे नको. खजूर-पाण्यानंतर नुसत्या भजी-समोशांवर पोट भरू न देता जेवण नीट व्हावे, इफ्तार ते सेहरी दोन-अडीच लिटर पाणी थोडे थोडे जावे आणि सेहरी झोपेसाठी चुकवू नये. सेहरीत भाकरी, अंडी, दूध, दही असावे. त्या महिन्यात वजन उतरवण्याचा कार्यक्रम ठेवूच नये. वस्तादांना हे आधी सांगून ठेवले तर ते ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

वस्तादांकडे आम्ही स्वतः गेलो होतो. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. "साहेब, तुम्ही म्हणता ते बरोबर, पण ५५ मध्ये याला पहिल्याच फेरीत चितपट केलं तर पोरगं कुस्ती सोडेल." शाळेच्या खेळातले गुण, पुढे नोकरीच्या भरतीत उपयोगी पडणारे प्रमाणपत्र, हे सगळे त्या काट्यावर टांगलेले असते, हे आम्हालाही कळते. आमचे त्यांच्याशी एवढेच ठरले, की हंगामाच्या सुरुवातीला, अंगात पाणी भरपूर असताना प्रत्येक मुलाचे वजन वहीत लिहायचे आणि त्याच्या खालच्या गटात कोणाला घालायचे नाही. रेनकोट तालमीच्या दाराबाहेर राहील. ही वही आता तिथे खिळ्याला टांगलेली आहे.

आठ महिन्यांनी भिंतीवरची खूण साडेचार सेंटीमीटर वर गेली होती आणि वजन ५८ किलो भरले. म्हणजे ५५ चा गटही मागे पडला होता. तो ६० मध्ये उतरला, पहिली कुस्ती गुणांवर जिंकला आणि दुसरी हरला. हरवले ते त्याच शेजारच्या गावच्या दांडग्या मुलाने, तोही वाढून ६० मध्ये आला होता. घरी आल्यावर त्याने आधी जेवायला मागितले, असे अम्मींनी फोनवर सांगितले.